बंद झालेल्या वर्षातली साठ्याची चूक: दुरुस्ती चालू नफ्यात नव्हे, संचित नफ्याच्या सुरुवातीच्या शिल्लकेत

प्रश्न: आमची चाकणची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. होल्डिंग कंपनी लिस्टेड असल्यामुळे आम्हाला इंड एएस लागू आहे. २०२४-२५ चे हिशोब ऑडिट होऊन सप्टेंबरच्या सभेत मंजूर झाले, विवरणपत्रही भरले. ऑक्टोबर २०२५ मध्ये जॉबवर्करकडच्या मालाचा मेळ घालताना कळले, की वर्षअखेरीला परत आलेला अर्धतयार माल आम्ही कारखान्यातही मोजला आणि जॉबवर्करच्या यादीतूनही धरला. ३१ मार्च २०२५ चा साठा ६४ लाखांनी आणि ३१ मार्च २०२४ चा ४० लाखांनी जास्त दाखवला गेला आहे. जॉबवर्क २०२३-२४ मध्येच सुरू झाले, त्यामुळे त्यामागे काही नाही. ऑडिटर म्हणतात, या वर्षीच्या नफ्याला हात लावू नका, ओपनिंग रिटेन्ड अर्निंग्ज ॲडजस्ट करा. नेमकी एन्ट्री काय करायची, आणि जुने हिशोब पुन्हा उघडावे लागतील का?

उत्तर:

तुमच्या ऑडिटरांचे म्हणणे बरोबर आहे आणि जुने हिशोब पुन्हा उघडावे लागणार नाहीत. पण ‘ओपनिंग ॲडजस्ट करा’ एवढ्या सूचनेवर काम केले तर हमखास एक घोटाळा होतो. वह्यांमध्ये एकच एन्ट्री पडते, ती १ एप्रिल २०२५ ची. छापील आर्थिक पत्रकांमध्ये मात्र तीच रक्कम दोन वर्षांत विभागून दिसावी लागते. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की बाकीचे काम सोपे आहे, म्हणून उत्तराचा बराचसा भाग मी त्यासाठीच देतो.

आधी हे पाहू, की काहीच केले नाही तर काय होईल. साठ्याच्या चुकीचा स्वभाव इतर चुकांपेक्षा निराळा असतो. विसरलेले बिल किंवा चुकीचा घसारा कोणीतरी हात लावेपर्यंत ताळेबंदात तसाच पडून राहतो, पण साठ्याची चूक पुढच्या वर्षी आपोआप उलटते. ३१ मार्च २०२५ चा फुगलेला साठा १ एप्रिलचा ओपनिंग स्टॉक म्हणून पुढे आला आहे. मार्च २०२६ ला मोजणी नीट झाली, तर जो माल कधी नव्हताच तो ‘वापरला गेला’ असे पत्रकात दिसेल आणि २०२५-२६ चा नफा ६४ लाखांनी कमी होईल. म्हणूनच अनेक लेखा विभागांत ‘सोडून द्या, या वर्षी आपोआप जुळेल’ असे म्हटले जाते. ते जुळते हे खरे आहे, पण चुकीच्या वर्षात जुळते. २०२३-२४ चा नफा ४० लाखांनी आणि २०२४-२५ चा नफा ६४ वजा ४० म्हणजे २४ लाखांनी फुगलेला होता, आणि या दोन्ही वर्षांचा भार २०२५-२६ च्या एकट्या वर्षावर पडतो. पत्रके वाचणाऱ्या बँकेला किंवा होल्डिंग कंपनीला असे वाटेल, की तुमचे मार्जिन यंदा अचानक घसरले. प्रत्यक्षात यंदा कारखान्यात काहीच बिघडलेले नसेल.

इंड एएस ८ या चुका आणि अंदाजांवरच्या लेखा मानकाची भूमिका नेमकी हीच आहे. मागील काळातील महत्त्वाच्या चुकीचा परिणाम ज्या वर्षी ती सापडली त्या वर्षाच्या नफ्या-तोट्यात घ्यायचा नाही. चूक सापडल्यानंतर मंजूर होणाऱ्या पहिल्याच आर्थिक पत्रकांत तुलनेचे आकडे असे मांडायचे, जणू चूक झालीच नव्हती. चूक तुलनेच्या वर्षात झाली असेल तर त्या वर्षाचे आकडे बदलायचे, आणि त्याच्याही आधीची असेल तर तुलनेच्या वर्षाच्या सुरुवातीची मालमत्ता, देणी आणि इक्विटी यांच्या शिल्लका बदलायच्या. तुमच्याकडे दोन्ही प्रकार एकत्र आले आहेत. २०२५-२६ च्या पत्रकात तुलनेचे वर्ष २०२४-२५ असेल, म्हणून २४ लाख त्या वर्षाच्या नफ्यात जातील आणि ४० लाख १ एप्रिल २०२४ च्या संचित नफ्यात जातील.

पुढे जाण्यापूर्वी दोन गोष्टींची खात्री करून ती कागदावर आणा, कारण ऑडिटर त्या मागणारच.

पहिली गोष्ट, ही ‘चूक’ आहे, ‘अंदाजातला बदल’ नाही. यासाठी एकच प्रश्न विचारायचा: हिशोब मंजूर झाले तेव्हा खरी माहिती उपलब्ध होती का, आणि नेटकेपणाने पाहिले असते तर ती हाती आली असती का? तुमच्याकडे ३१ मार्चचे गेट रजिस्टर होते, जॉबवर्करचे परतीचे चलन होते आणि स्टोअरची आवक नोंद होती. जॉबवर्करने यादी दिली ती त्याच्याकडून माल निघण्यापूर्वीच्या स्थितीची होती, आणि तुमच्या माणसांनी माल आत आल्यावर मोजणी केली. दोन कागद शेजारी ठेवले असते तर त्याच दिवशी कळले असते. म्हणून ही चूक आहे. याउलट, समजा साठा मोजण्यात गफलत नसती, पण पडून राहिलेल्या मालासाठी मार्चमध्ये केलेली तरतूद ऑक्टोबरमध्ये ग्राहकाने मॉडेल बंद केल्यामुळे अपुरी ठरली असती, तर तो अंदाजातला बदल ठरला असता आणि त्याचा भार याच वर्षाच्या नफ्यावर आला असता. नको असलेला खर्च ‘मागची चूक’ म्हणून संचित नफ्यात ढकलण्याचा मोह याच सीमारेषेवर होतो, म्हणून ऑडिटर येथे कडक असतात आणि ते योग्यच आहे.

दुसरी गोष्ट, रक्कम महत्त्वाची आहे का. तुम्ही नफ्याचे आकडे दिलेले नाहीत, म्हणून मी उदाहरणासाठी धरतो, की २०२४-२५ चा करपूर्व नफा ३१० लाख होता. २४ लाख म्हणजे त्याच्या पावणेआठ टक्क्यांच्या आसपास झाले, आणि साठ्यात ६४ लाखांचा फरक आहे. एवढ्या फरकाने वाचणाऱ्याचा निर्णय बदलू शकतो, म्हणून ही रक्कम महत्त्वाची धरावी. मानकात कोणतीही ठरावीक टक्केवारी नाही. हाच फरक दीड-दोन लाखांचा असता तर तो चालू वर्षातच निकाली काढता आला असता आणि कोणी आक्षेप घेतला नसता. मात्र विशिष्ट चित्र उभे करण्यासाठी मुद्दाम केलेली चूक लहान असली तरी ती सोडून देता येत नाही, हे मानकात स्पष्ट आहे.

आता कराचा भाग, कारण संचित नफ्यात जाणारी रक्कम करवजा असते. कंपनीने प्राप्तिकर कायद्याच्या कलम ११५बीएएचा दर निवडला आहे असे मी धरतो, म्हणजे अधिभार आणि उपकरासह २५.१६८ टक्के. ६४ लाखांवर कर होतो १६.११ लाख, ४० लाखांवर १०.०७ लाख आणि २४ लाखांवर ६.०४ लाख. करानंतर उरतात अनुक्रमे ४७.८९ लाख, २९.९३ लाख आणि १७.९६ लाख.

पण हा कर खरोखर परत मिळणार आहे का, हे आधी ठरले पाहिजे. २०२३-२४ च्या उत्पन्नाचे सुधारित विवरणपत्र भरण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२४ लाच संपली. अपडेटेड रिटर्नचा रस्ता येथे उपयोगाचा नाही, कारण त्यातून कर कमी करून घेता येत नाही. २०२४-२५ साठी मात्र कलम १३९(५) खाली ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत, आणि त्याआधी करनिर्धारण पूर्ण झाले तर तोपर्यंतच, सुधारित विवरणपत्र भरता येते. तुमच्या हातात आज सर्वांत तातडीचे काम हेच आहे, मार्चपर्यंत थांबणारे नाही. कर सल्लागाराने अशी भूमिका घेतली, की २०२४-२५ चा ओपनिंग स्टॉक मागच्या विवरणपत्राप्रमाणेच ठेवायचा आणि क्लोजिंग स्टॉक ६४ लाखांनी दुरुस्त करायचा, तर संपूर्ण ६४ लाखांची वजावट त्या एका वर्षात मिळते. मंजूर झालेल्या हिशोबांपेक्षा विवरणपत्र वेगळे आहे असे विभाग विचारील, म्हणून गेट रजिस्टरचे उतारे, चलने आणि मेळपत्रक तयार ठेवा. सल्लागार ही भूमिका घ्यायला तयार नसतील, किंवा मुदत हुकली, तर १६.११ लाखांची येणी डोळे झाकून लावू नका. वसुलीची शक्यता नसेल तर संचित नफ्यात ६४ लाख पूर्ण जातील.

ही भूमिका टिकते असे धरून पुढचे हिशोब मांडतो. त्यात एक बारकावा आहे. ३१ मार्च २०२४ ला वह्यांतील दुरुस्त साठा कराच्या दृष्टीने धरलेल्या साठ्यापेक्षा ४० लाखांनी कमी आहे, आणि हा फरक पुढच्या वर्षी वजावट देणारा आहे. म्हणून त्या तारखेला १०.०७ लाखांची डिफर्ड टॅक्स मालमत्ता, म्हणजे पुढे मिळणारी करबचत, उभी राहते. २०२४-२५ मध्ये ती संपते आणि चालू कर १६.११ लाखांनी कमी होतो. दोन्हींचा निव्वळ परिणाम ६.०४ लाख, म्हणजे २४ लाखांवरचा कर. आकडे जुळतात, पण ओळी वेगळ्या आहेत, आणि १ एप्रिल २०२४ च्या ताळेबंदात ‘कराची येणी’ न दाखवता ‘डिफर्ड टॅक्स’ दाखवावा लागतो.

आता वह्यांतील एन्ट्री. २०२५-२६ च्या वह्यांत, १ एप्रिल २०२५ च्या तारखेने, अशी एन्ट्री होईल:

संचित नफा खाते नावे ४७.८९ लाख
प्राप्तिकर येणे (२०२४-२५) खाते नावे १६.११ लाख
मालसाठा, अर्धतयार माल खाते जमा ६४.०० लाख

नॅरेशन सविस्तर लिहा: कोणत्या तारखेचा साठा, कोणत्या जॉबवर्करकडची कोणती चलने, कोणत्या मेळपत्रकावरून रक्कम काढली, आणि संचालक मंडळाच्या कोणत्या ठरावाने दुरुस्ती मान्य झाली. सुधारित विवरणपत्र भरण्याआधी ही एन्ट्री करत असाल तर तेही नमूद करा.

टॅलीत साठा आणि हिशोब जोडलेले असतील तर येथे एक अडचण येते. तेथे साठ्याचे स्वतंत्र खाते नावे-जमा होत नाही. ओपनिंग आणि क्लोजिंग स्टॉक थेट नफा-तोटा पत्रकात येतात. तुम्ही १ एप्रिलला स्टॉक जर्नलने माल कमी केलात, तर ६४ लाख यंदाच्या नफ्यातूनच जातील, म्हणजे जे टाळायचे तेच होईल. स्टॉक आयटमची ओपनिंग शिल्लक मास्टरमध्ये जाऊन बदललीत, तर ताळेबंदात ‘ओपनिंग शिल्लकेतील फरक’ म्हणून ६४ लाखांची ओळ लोंबकळत राहील. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना बदलांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर बंधनकारक आहे, त्यामुळे मास्टरमधला असा बदल एडिट लॉगमध्ये दिसतो आणि ऑडिटर त्याबद्दल विचारतात. सरळ मार्ग असा, की माल स्टॉक जर्नलने कमी करायचा, आणि त्यासोबत एक जर्नल एन्ट्री करायची, जिच्यात संचित नफा आणि प्राप्तिकर येणे नावे होतील आणि ‘मागील वर्षांच्या साठ्याची दुरुस्ती’ असे थेट खर्चातले खाते ६४ लाखांनी जमा होईल. फुगलेल्या ओपनिंग स्टॉकचा जादा खर्च आणि ही जमा एकमेकांना खातात. पत्रक बनवताना दोन्ही ‘साठ्यातील बदल’ या एकाच ओळीत एकत्र करा, म्हणजे यंदाच्या नफ्यावर परिणाम शून्य राहतो.

आता छापील पत्रकांकडे येतो, जेथे सर्वाधिक गोंधळ होतो. वह्यांत ४७.८९ लाख एकदम गेले, पण इक्विटीतील बदलांच्या पत्रकात ही रक्कम १ एप्रिल २०२५ समोर दाखवायची नाही. ती दोन भागांत विभागली जाते. मी धरलेल्या आकड्यांत १ एप्रिल २०२४ ला संचित नफा ११२० लाख होता. ‘मागील काळातील चुकांमुळे बदल’ ही ओळ कंपनी कायद्याच्या शेड्यूल ३ च्या नमुन्यातच आहे. तिच्यात २९.९३ लाख वजा दाखवा, म्हणजे सुधारित शिल्लक १०९०.०७ लाख येते. त्याखाली २०२४-२५ चा नफा. मंजूर पत्रकात करोत्तर नफा २३१.९८ लाख होता, तो आता १७.९६ लाखांनी कमी होऊन २१४.०२ लाख होईल. लाभांश वाटला नव्हता असे धरले तर ३१ मार्च २०२५ ची सुधारित शिल्लक १३०४.०९ लाख होते, आणि हीच १ एप्रिल २०२५ ची सुरुवातीची शिल्लक म्हणून पुढच्या भागात येते. त्या भागात ‘चुकांमुळे बदल’ या ओळीत काहीही नसते. जुन्या पत्रकातली अखेरची शिल्लक १३५१.९८ लाख होती. १३५१.९८ मधून १३०४.०९ वजा केले की ४७.८९ येतात, आणि तीच तुमच्या वह्यांतली एन्ट्री आहे. हा पडताळा जमला की काम बरोबर झाले असे समजा.

चूक कशी होते तेही सांगतो. २०२४-२५ चे तुलनेचे आकडे दुरुस्त करून झाल्यावर कोणीतरी वह्यांतली एन्ट्री पाहतो आणि १ एप्रिल २०२५ समोर पुन्हा ४७.८९ लाख वजा करतो. मग संचित नफा दोनदा कमी होतो आणि ताळेबंद जुळत नाही. तो जुळवण्यासाठी फरक कोठल्या तरी किरकोळ खात्यात लपवला जातो, आणि पुढच्या वर्षी कोणालाच त्याचा उगम सापडत नाही. याच्या उलट चूकही होते: तुलनेचे आकडे तसेच ठेवून संपूर्ण रक्कम १ एप्रिल २०२५ लाच दाखवायची. त्यात ताळेबंद जुळतो, पण २०२४-२५ चा २४ लाखांचा खोटा नफा पत्रकात तसाच राहतो, आणि तो काढणे हाच मानकाचा हेतू होता.

१ एप्रिल २०२४ च्या शिल्लकेवर परिणाम होत असल्यामुळे तुम्हाला तिसरा ताळेबंदही द्यावा लागेल. इंड एएस १ प्रमाणे, मागे जाऊन केलेल्या दुरुस्तीचा तुलनेच्या वर्षाच्या सुरुवातीवर महत्त्वाचा परिणाम होत असेल, तर त्या दिवसाचा ताळेबंद छापावा लागतो. म्हणजे ३१ मार्च २०२६, ३१ मार्च २०२५ (सुधारित) आणि १ एप्रिल २०२४ (सुधारित) असे तीन रकाने. तिसऱ्या ताळेबंदासाठी सर्व टिपा पुन्हा द्याव्या लागत नाहीत, त्यामुळे काम वाटते तितके मोठे नाही. फक्त २०२४-२५ चीच चूक असती तर हा तिसरा रकाना लागला नसता. म्हणून ४० आणि २४ लाख वेगळे काढण्याला एवढे महत्त्व आहे.

रोकड प्रवाह पत्रकात करपूर्व नफा २४ लाखांनी कमी होईल आणि साठ्यातील वाढही २४ लाखांनी कमी होईल. व्यवसायातून आलेली रोकड जशीच्या तशी राहिली पाहिजे. ती बदलली असेल तर कोठेतरी करभरणा किंवा साठा चुकीच्या ओळीत गेला आहे. प्रतिशेअर कमाईही सुधारावी लागते. २० लाख शेअर धरले तर ती ११.६० रुपयांवरून १०.७० रुपयांवर येते.

टिपेत चार गोष्टी हव्यात: चूक काय होती, प्रत्येक ओळीवर किती परिणाम झाला, प्रतिशेअर कमाईवर किती, आणि तुलनेच्या वर्षाच्या सुरुवातीला किती रक्कम दुरुस्त झाली. टीप लिहिताना गोल भाषा वापरू नका. ‘काही पुनर्वर्गीकरणे केली आहेत’ असे वाक्य अनेक पत्रकांत दिसते. चूक ही पुनर्वर्गीकरण नव्हे, आणि असे वाक्य वाचणाऱ्याची दिशाभूल करते. साधे लिहा: ‘३१ मार्च २०२४ आणि ३१ मार्च २०२५ रोजी जॉबवर्करकडून परत आलेला अर्धतयार माल कारखान्यातील मोजणीत आणि जॉबवर्करच्या यादीत असा दोनदा धरला गेला होता. त्यामुळे साठा अनुक्रमे ४० लाख आणि ६४ लाख रुपयांनी जास्त दाखवला गेला.’ त्याखाली मूळ, दुरुस्ती आणि सुधारित असे तीन रकाने द्या. तुलनेच्या रकान्यांच्या शीर्षकात ‘सुधारित’ हा शब्द आलाच पाहिजे.

जुने हिशोब उघडण्याबद्दल: सभेत मंजूर झालेली २०२४-२५ ची पत्रके जशी आहेत तशीच राहतात. तुम्ही बदलता ते २०२५-२६ च्या पत्रकातले तुलनेचे रकाने. मंजूर पत्रकेच बदलायची असतील तर कंपनी कायद्याच्या कलम १३१ खाली न्यायाधिकरणाची परवानगी घ्यावी लागते, आणि कलम १३० तर न्यायालय किंवा न्यायाधिकरणाच्या आदेशाने हिशोब पुन्हा उघडण्यासाठी आहे. मोजणीतल्या प्रामाणिक चुकीसाठी सामान्यतः त्या वाटेने जाण्याची गरज पडत नाही. म्हणून २०२४-२५ च्या वह्यांचे कुलूप काढून त्यात मागील तारखेची एन्ट्री घालू नका. ऑडिट झालेल्या आकड्यांशी वह्या जुळेनाशा होतात आणि एडिट लॉगमुळे ते लपतही नाही.

आणखी दोन ठिकाणी कळवणे राहून जाते. कॅश क्रेडिटसाठी तुम्ही बँकेला साठ्याची विवरणे देता. मार्चच्या विवरणातही हाच फुगलेला आकडा गेला असेल, आणि ड्रॉइंग पॉवर, म्हणजे कर्ज उचलण्याची मर्यादा, त्यावरच काढली गेली असेल. चालू मालमत्तेच्या तारणावर मंजूर मर्यादा पाच कोटींपेक्षा जास्त असेल तर कारो २०२० या ऑडिट अहवालाच्या आदेशाप्रमाणे ऑडिटरला बँकेची तिमाही विवरणे वह्यांशी जुळतात का हे लिहावे लागते, आणि शेड्यूल ३ मध्येही त्याचा खुलासा आहे. बँकेला तुम्ही स्वतःहून दुरुस्त विवरण दिले तर तो विषय सरळ राहतो. दुसरे, होल्डिंग कंपनीला लगेच कळवा. त्यांच्या एकत्रित पत्रकात ६४ लाख नगण्य ठरू शकतात आणि ते ही रक्कम चालू वर्षातच घेऊ शकतात. मग तुमची स्वतंत्र पत्रके आणि त्यांना पाठवलेले रिपोर्टिंग पॅकेज यांत फरक राहील, आणि तो कशामुळे आहे याचा कागद दोन्हीकडे हवा. २०२४-२५ च्या नफ्यावर कोणाला कमिशन किंवा प्रोत्साहन दिले असेल तर त्याची वसुली हा करारातला वेगळा प्रश्न आहे. तो या एन्ट्रीत मिसळू नका.

हे उत्तर वाचून ज्या कंपन्यांना इंड एएस लागू नाही त्यांनी हीच पद्धत उचलू नये, म्हणून मुद्दाम लिहितो. लिस्टेड नसलेल्या, नेटवर्थ २५० कोटींपेक्षा कमी असलेल्या आणि अशा मोठ्या समूहाचा भाग नसलेल्या कंपन्यांना जुन्या लेखा मानकांतले एएस ५ लागू होते, आणि तेथे नियम उलटा आहे. मागील काळातील बाब चालू वर्षाच्या नफ्या-तोट्यातच घ्यायची, पण तिचे स्वरूप आणि रक्कम वेगळी दाखवायची, म्हणजे वाचणाऱ्याला तिचा यंदाच्या नफ्यावरचा परिणाम कळेल. तुमच्या जागी एएस ५ ची कंपनी असती, तर ओपनिंग स्टॉकमधून ६४ लाख काढून ते ‘मागील काळातील बाब’ या स्वतंत्र ओळीत दाखवावे लागले असते, साठ्याच्या वापरात मुरू द्यायचे नसते. संचित नफ्याला तेथे हात लागत नाही आणि तुलनेचे आकडेही बदलत नाहीत. परदेशातील पुस्तके किंवा इंटरनेटवरची उदाहरणे पाहून एएस ५ च्या कंपनीत ओपनिंग रिटेन्ड अर्निंग्जला एन्ट्री केलेली मी पाहिली आहे. तेव्हा ऑडिट अहवालात शेरा येण्याची शक्यता मोठी असते, कारण खर्च नफा-तोटा पत्रकाला वळसा घालून गेलेला असतो.

शेवटी, ६४ आणि ४० हे आकडे तुम्ही कसे काढले ते पुन्हा एकदा तपासा, कारण वरचे सर्व काही त्यांवर उभे आहे. दोन्ही वर्षांच्या मार्चअखेरच्या आठवड्यातली जॉबवर्करची परतीची चलने घ्या, प्रत्येक चलनासमोर गेट रजिस्टरची तारीख आणि वेळ लिहा, मोजणीच्या टॅगवर तो लॉट आहे का ते पाहा, आणि जॉबवर्करच्या यादीत तोच लॉट आहे का ते पाहा. तिन्ही ठिकाणी सापडला तर तो दोनदा धरला गेला. जीएसटीच्या आयटीसी-०४ विवरणात जॉबवर्करला पाठवलेल्या आणि परत आलेल्या मालाची नोंद असते, तिच्याशी संख्या ताडून पाहा. मूल्य त्या वेळच्या पत्रकात ज्या दराने धरले होते त्याच दराने काढा, आजच्या दराने नाही. एखाद्या लॉटचे मूल्य जॉबवर्कच्या मजुरीसकट आणि दुसऱ्या यादीत मजुरीशिवाय धरले असेल तर काढून टाकायची रक्कम कोणती, हे लॉटवार ठरवावे लागेल. असे सगळ्या जॉबवर्करांसाठी करा, फक्त ज्याच्याकडे फरक सापडला त्याच्यासाठी नाही. डिसेंबरमध्ये सुधारित विवरणपत्र भरल्यानंतर जानेवारीत आणखी सात लाख सापडले, तर त्या सात लाखांसाठी तो दरवाजा बंद झालेला असेल.